"खाली सोर्स लिहिलाय ना?"

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या टेबलाशी येणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना बहुधा एकच आकडा हवा असतो, साम्य किती टक्के आलं तो. समाजकार्य विषयात पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी अशीच पहिली तीन प्रकरणं तपासायला घेऊन आली. मधुमेहाचे रुग्ण गोळ्या का चुकवतात, असा तिचा विषय. प्रबंध मराठीत, भाषा स्वच्छ, आणि साम्य इतकं कमी की तिचा चेहरा तिथेच खुलला. मी सवयीने पानं चाळत होते, ती 41 व्या पानावर थांबले. तिथे एक आकृती होती, जरा पुसट, कडेला मूळ पानाची सावली दिसणारी. म्हणजे पीडीएफचा स्क्रीनशॉट. खाली लिहिलं होतं, "स्रोत: आयझेन (1991)".

"परवानगी घेतलीस?"

"मॅडम, खाली सोर्स लिहिलाय ना?"

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की मला त्याचा राग येत नाही. चूक एकट्या विद्यार्थ्याची नसतेच. आपण सगळे त्यांना वाङ्मयचौर्याची भीती घालतो, आणि त्या भीतीवर श्रेय देणं हा उतारा पुरतो. पण श्रेय आणि परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ही कल्पना कोणाची, हे वाचकाला सांगणं म्हणजे श्रेय. हे चित्र पुन्हा छापू का, हे मालकाला विचारणं म्हणजे परवानगी. एक दिलं म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर मजकूर ताडून बघतं, त्याला चित्राचं काही कळत नाही. त्यामुळे टक्केवारी कितीही खाली आली तरी 41 वं पान तसंच राहतं.

तिची आकृती संशोधकांच्या चांगल्या ओळखीची आहे. इसेक आयझेन या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने मांडलेला हा नियोजित वर्तनाचा सिद्धांत. डावीकडे तीन घटक: त्या वर्तनाविषयी आपल्याला काय वाटतं, आपल्या माणसांची काय अपेक्षा आहे असं वाटतं, आणि ते आपल्या आवाक्यातलं वाटतं का. तिन्हींपासून बाण 'हेतू'कडे जातात, हेतूपासून 'वर्तना'कडे. तिसऱ्या घटकापासून एक बाण थेट वर्तनालाही भिडतो. हा लेख 1991 साली 'ऑर्गनायझेशनल बिहेवियर अँड ह्यूमन डिसिजन प्रोसेसेस' या नियतकालिकाच्या 50 व्या खंडात आला, आणि आकृती आहे 182 व्या पानावर. तेव्हा हक्क अकॅडेमिक प्रेसकडे होते, आज ते नियतकालिक एल्सेव्हिअर चालवते. म्हणजे चित्र आयझेन यांच्या डोक्यातून आलेलं असलं, तरी त्या छापील चित्राचं विचारायचं ते प्रकाशकाला.

इथे एक गंमत आहे. आयझेन यांनी स्वतःच्या विद्यापीठीय संकेतस्थळावर याचा खुलासा करून ठेवला आहे. सिद्धांत वापरायला, त्यावरून प्रश्नावली बनवायला किंवा त्याचं आपण स्वतः काढलेलं चित्र प्रबंधात द्यायला कोणाचीच परवानगी लागत नाही. त्यांच्या संकेतस्थळावरचं चित्र उचललंत तर त्यावरची हक्कसूचना तशीच ठेवायची आणि वापर बिगरव्यापारी हवा. मात्र एखाद्या नियतकालिकात किंवा पुस्तकात छापलेलं चित्र हवं असेल, तर त्याचा हक्क ज्या प्रकाशकाकडे असेल त्याला विचारायचं. एकच आकृती, आणि तिच्याकडे जाणाऱ्या तीन वाटा. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, तिच्या ठरावीक मांडणीवर असतो, हे कायद्याच्या पुस्तकापेक्षा या एका उदाहरणातून लवकर समजतं.

म्हणून मी प्रत्येकाला आधी एक साधा प्रश्न विचारते: तुला मूळ चित्रच हवंय, की त्यातला विचार? विचार हवा असेल तर वही घे आणि आपल्या विषयाला धरून आकृती नव्याने मांड. खाली 'आयझेन (1991) यांच्या सिद्धांतावर आधारित. रेखाटन संशोधकाचे' असं लिहिलं की झालं. श्रेय इथेही द्यायचंच, कारण विचार उसना आहे. पण नव्याने मांडणं म्हणजे मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून रंग बदलणं नव्हे. तीच रचना, तेच आकार, फक्त निळ्याचं हिरवं केलं, तर ते रूपांतर झालं, आणि रूपांतरालाही मालकाचा होकार लागतो. आलेखाचं थोडं वेगळं आहे. लेखात दिलेले आकडे घेऊन तुम्ही स्वतः नवा आलेख काढलात तर हरकत नाही, कारण नुसत्या आकड्यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो.

माझ्या विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांना मात्र दुसऱ्या प्रकरणात मूळ आकृतीच हवी होती. तिचं मराठी रूप तिसऱ्या प्रकरणात, तिच्या स्वतःच्या रेखाटनात. तेव्हा आम्ही दोघी परवाना काढायला बसलो. चहा येईपर्यंत काम उरकलं, पण त्यातल्या प्रत्येक खिडकीत चुकायला जागा होती.

लेखाच्या पानावर शीर्षकाच्या आसपास बारीक अक्षरात "Get rights and content" अशी ओळ असते. ती दाबली की 'राइट्सलिंक' ही परवान्यांची व्यवस्था उघडते. ती 'कॉपीराइट क्लिअरन्स सेंटर' ही अमेरिकी संस्था चालवते, आणि अनेक मोठ्या प्रकाशकांची परवानग्यांची कामं तिथूनच होतात. पहिला प्रश्न, वापर कशासाठी? उत्तर, "reuse in a thesis/dissertation". हा पर्याय सोडून चुकून पुस्तक किंवा नियतकालिक निवडलं तर पुढची रक्कम बघून माणूस घाबरून खिडकी बंद करतो. मग संपूर्ण लेख की त्याचा भाग? आकृती, संख्या एक. स्वरूप छापील की इलेक्ट्रॉनिक? तिने 'छापील'वर बोट नेलं, कारण तिच्या डोळ्यांसमोर काळ्या कापडी बांधणीतला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध होता. मी थांबवलं. दोन्ही घे.

याचं कारण 'शोधगंगा'. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जमा करणं आवश्यक झालं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमात खासगी वापर, त्यात संशोधनही आलं, आणि समीक्षा यांच्यासाठी रास्त वापराची सवलत आहे. तिचा आधार घेऊन पुष्कळ जण म्हणतात, प्रबंधाला परवानगी कशाला? प्रबंध विभागाच्या कपाटात कुलूपबंद असता तर त्यात बराच दम होता. पण जगातल्या कोणालाही उतरवून घेता येणारी फाइल 'खासगी' आहे हे पटवून देणं अवघड. समीक्षेची सवलत खरी आहे, पण त्यासाठी त्या चित्राबद्दल काही म्हणावं लागतं, नुसतं पान सजवून भागत नाही. काही जण 2016 च्या दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्याचाही हवाला देतात. तो निकाल शिकवण्याच्या ओघात वाटायच्या उताऱ्यांविषयी होता. प्रबंधाची फाइल जगासाठी खुली करणं त्यात बसत नाही.

पुढचा प्रश्न, भाषांतर करणार का? मूळ आकृती इंग्रजीतच ठेवायची होती, म्हणून 'नाही'. तिच्यावरचे शब्द पुसून मराठी शब्द बसवायचे असते, तर उत्तर 'होय' द्यावं लागलं असतं. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. त्यांना वाटतं भाषांतर म्हणजे सबंध लेखाचं. कायद्याच्या लेखी चौकटीतल्या दोन शब्दांचं भाषांतर हेही भाषांतरच. शेवटी प्रबंधाचं शीर्षक, विद्यापीठाचं नाव, सादर करण्याचा अंदाजे महिना, आणि नेमकं काय घेणार: आकृती 1, पान 182. खाली एकूण रक्कम आली शून्य डॉलर. परवाना क्रमांक पडद्यावर आला, ईमेलवर त्याची प्रत आली. ती पीडीएफ करून ठेव, म्हटलं, दोन वर्षांनी ईमेलमध्ये शोधत बसू नकोस.

त्या परवान्याच्या अटी कोणी वाचत नाही. पण एक अट वाचण्यासारखी आहे. आकृतीखाली दुसऱ्याच कोणाला श्रेय दिलेलं असेल, तर ही परवानगी तिला लागू नाही. म्हणजे तुम्हाला आवडलेली आकृती त्या लेखकाने स्वतःच कुठून तरी परवानगीने घेतलेली असेल, तर मूळ मालकाकडे जावं लागतं. परीक्षणवजा लेख आणि पाठ्यपुस्तकं यांत हे सर्रास असतं. ओळखायचं कसं, तर आकृतीखालची दीड ओळ शेवटपर्यंत वाचायची. 'च्या परवानगीने' किंवा 'वरून रूपांतरित' असे शब्द तिथे दिसले की समजायचं, हे घर भाड्याचं आहे, मालक दुसरीकडे राहतो.

खुल्या परवान्याचे लेख हा मोठाच दिलासा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या CC BY परवान्यात निघालेल्या लेखातली आकृती विचारल्याशिवाय घेता येते. लेखकाचं नाव, लेखाचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा, काही बदल केला असेल तर तो सांगायचा. पण 'लेख फुकट उघडला' आणि 'लेख खुल्या परवान्याचा आहे' यांत फरक आहे. आणि परवान्याच्या नावात ND ही अक्षरं असतील, तर आकृती जशीच्या तशी द्यायची. शब्द मराठी केले की तो बदल झाला, आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा त्या परवान्यात नाही.

आकृतीचं इतपत निभावलं. खरी धावाधाव पुढे होती, कारण परिशिष्टात तिने प्रश्नावली लावली होती.

रुग्ण औषधं नियमित घेतो का हे मोजायला तिने मॉरिस्की यांची आठ प्रश्नांची श्रेणी घेतली होती. सात प्रश्नांना हो किंवा नाही, आठव्याला पायऱ्यांचं उत्तर. इंटरनेटवर एका जुन्या प्रबंधाच्या परिशिष्टात ती सापडली, हिने आपल्या आपण मराठी केली आणि वीस रुग्णांवर पथदर्शी चाचणीही घेतली. "सगळेच वापरतात, मॅडम." वापरतात खरं. याच श्रेणीवरून जगभर केवढी खळबळ उडाली हे तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. विनापरवाना वापर केला म्हणून संशोधकांकडे परवान्याच्या पैशांची मागणी झाली, काहींचे छापून आलेले शोधनिबंध मागे घेतले गेले, आणि 2017 साली 'सायन्स' नियतकालिकाने त्यावर वृत्तांत छापला. पुढे हक्क कोणाचे यावरून माजी भागीदारांतच अमेरिकेत कोर्टकज्जे झाले. ज्या 2008 च्या निबंधात ही आठ प्रश्नांची श्रेणी मांडली होती, तोही 2023 मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. हे ऐकून तिने हातातला पेन खाली ठेवला.

प्रश्नावलीची भानगड अशी की तिथे परवानगी एक नसते. रुग्णांना प्रश्न विचारण्याची एक, भाषांतराची दुसरी, आणि प्रबंधाच्या परिशिष्टात प्रश्न छापण्याची तिसरी. पहिली मिळाली म्हणजे तिसरी मिळाली असं मुळीच नाही. नैराश्य मोजणारी बेक यांची प्रश्नावली विकत घ्यावी लागते, आणि अशा चाचण्यांचे प्रकाशक परिशिष्टात अख्खी चाचणी छापू देत नाहीत, फार तर नमुन्यादाखल मोजके प्रश्न देऊ देतात. त्यात पैशांइतकाच दुसराही मुद्दा आहे. चाचणीचे प्रश्न जगजाहीर झाले तर उद्याचा रुग्ण ते वाचूनच येईल. उलट टोकाला पीएचक्यू-9 ही नैराश्याचीच नऊ प्रश्नांची सूची. ती छापा, भाषांतर करा, वाटा, परवानगीची गरज नाही, असं तिच्या अर्जावरच छापलेलं असतं. विषय एकच, पण एक कुलूपबंद आणि दुसरी सताड उघडी. वरून बघून कळत नाही, म्हणून प्रश्नावली निवडताना विश्वसनीयतेचा गुणांक बघतो तशी ही अटही बघायला हवी, आणि तीही नीतिशास्त्र समितीकडे अर्ज करण्याआधी. माहिती गोळा झाल्यावर परवाना मागायला गेलं की आपली बाजू पडती असते.

वीसच रुग्ण झाले होते, हे तिचं नशीब. मार्गदर्शकांशी बोलून तिने श्रेणी बदलायची ठरवली, त्या वीस जणांची माहिती बाजूला ठेवली, आणि दुसऱ्या एका लहान प्रश्नावलीच्या लेखिकेला पत्र लिहायला बसली. पहिला मसुदा दीड पानाचा होता. त्यातलं एक पान मधुमेहाच्या गांभीर्याबद्दल. मी ते काढायला लावलं. समोरच्या माणसाला मधुमेह माहीत असतो. त्याला हवं असतं ते एवढंच: मी कोण, कोणत्या पदवीसाठी, कोणत्या विद्यापीठात. कोणती प्रश्नावली, कोणत्या सालची आवृत्ती, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असू शकतात. किती जणांना देणार, कागदावर की फोनवरच्या फॉर्मवर. मराठी भाषांतर हवंय, आधीच कोणी केलेलं आहे का, नसेल तर मी करू का. परिशिष्टात पूर्ण छापू का. प्रबंध सार्वजनिक भांडारात खुला राहणार आहे. आणि संशोधनाला कोणाचं अर्थसाहाय्य नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला पोरं लाजतात. लाजू नये, फी ठरवणारा माणूस नेमकं तेच बघतो.

तिने संबंधित लेखात पत्रव्यवहारासाठी दिलेल्या पत्त्यावर ईमेल पाठवला. दोन आठवडे काही नाही. तेव्हा तिने मला विचारलं, "उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असं धरू?" नाही धरायचं. मौनाला आपल्याकडे संमती म्हणतात, कॉपीराइटमध्ये म्हणत नाहीत. पुन्हा एक छोटं स्मरणपत्र, आणि सोबत सहलेखकालाही. लोक नोकऱ्या बदलतात, निवृत्त होतात, जुना पत्ता बंद पडतो. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: वापरायला हरकत नाही, छापायलाही नाही, मात्र भाषांतर उलट इंग्रजीत करून दाखव आणि मराठी प्रत आम्हाला पाठव, म्हणजे पुढे मागणाऱ्याला देता येईल. ही अट चांगली आहे. पण मराठी आवृत्तीवर हक्क कोणाचा राहील, हे आताच लिहून विचार, असं मी तिला सांगितलं. काही मालक भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवतात. ठेवू द्यावेत, फक्त आपल्याला ते आधी माहीत असावं.

मग उरलं ते लिहिणं. 41 व्या पानावरच्या 'स्रोत: आयझेन (1991)' या तीन शब्दांची जागा या ओळींनी घेतली:

आकृती 2.1: नियोजित वर्तनाचा सिद्धांत. 'द थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेवियर', इ. आयझेन, ऑर्गनायझेशनल बिहेवियर अँड ह्यूमन डिसिजन प्रोसेसेस, खंड 50, अंक 2, पान 182 वरून पुनर्मुद्रित. कॉपीराइट 1991. एल्सेव्हिअर यांच्या परवानगीने.

यात 'पुनर्मुद्रित' हा शब्द तोलून घातलेला आहे. जसंच्या तसं घेतलं तर पुनर्मुद्रित, बदल करून घेतलं तर रूपांतरित, नुसता विचार घेतला तर आधारित. तिघांची अदलाबदल झाली की परवाना एका गोष्टीचा आणि छापलं भलतंच, असं होऊन बसतं. हक्कसूचनेत अकॅडेमिक प्रेसचं नाव घालावं की नाही यावर आमची जरा हुज्जत झाली. अशा वेळी आपली अक्कल चालवू नये. परवान्यात प्रकाशकाने श्रेयाची ओळ कशी लिहायची ते ठरवून दिलेलं असतं, ते तसंच पाळावं. आणि ही ओळ आकृतीखालीच हवी. संदर्भसूचीत लेखाची नोंद आहे म्हणून ती गाळता येत नाही, आणि ती लिहिली म्हणून सूचीतली नोंदही गाळता येत नाही.

परिशिष्टात तिने परवान्याची प्रत आणि लेखिकेचा ईमेल जोडला. ईमेलमधला फोन नंबर आणि घरचा पत्ता काळा करायला सांगितलं. ते शोधगंगेवर जायचं होतं.

दीड वर्षाने ती बांधलेला प्रबंध घेऊन आली, पेढेही होते. जाता जाता म्हणाली, सर म्हणतात याचं पुस्तक कर, एक प्रकाशकही तयार आहे. "ती आकृती तशीच घेते मग. परवानगी आहेच ना आपल्याकडे?"

मी परिशिष्ट उघडून परवान्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. प्रबंध व्यापारी तत्त्वावर प्रकाशित होणार असेल तर नव्याने अर्ज करावा.

"म्हणजे परत तोच फॉर्म?"

"तोच. फक्त पहिल्या खिडकीत प्रबंधाऐवजी पुस्तक निवडायचं. आणि खाली शून्यच येईल असं धरून चालू नकोस."